लिंक्डइनवर स्वतःची टिमकी न वाजवता दिसत राहायचं कसं?

प्रश्न: मी नऊ वर्षं गोदाम आणि स्टॉक सांभाळण्याचं काम करते. आता नोकरी बदलायची आहे. लिंक्डइनचं प्रोफाइल नीट भरलंय, पण ते कोणी उघडतच नाही. सगळे सांगतात की आठवड्यातून दोन-तीनदा पोस्ट टाक, कॉमेंट कर. पण तिथलं लिखाण वाचूनच मला अवघडल्यासारखं होतं, आणि ऑफिसातले लोकही बघणार. दिखावा न वाटता हे कसं करायचं?

उत्तर:

पहिले दोन महिने पोस्टच्या मागे लागू नका, कॉमेंट करा. मी बरीच वर्षं कंपन्यांसाठी माणसं शोधण्याचं काम करतो आणि त्यात गोदाम, खरेदी, पुरवठा अशी पदं जास्त असतात. ज्यांची नावं माझ्या लक्षात राहिली, त्यातली बरीचशी मला दुसऱ्या कोणाच्या तरी पोस्टखाली भेटलेली आहेत.

याचं कारण साधं आहे. तुमची पोस्ट आधी तुमच्याच ओळखीच्या लोकांपुढे जाते. आज तुमच्या ओळखीत कोण असणार? सध्याचे सहकारी, जुने सहकारी, कॉलेजातले मित्र. ते कौतुकाने लाइक करतील, पण तुम्हाला नोकरी देणारा माणूस त्यात बहुधा नाही. तो या क्षेत्रातल्या कोणाची तरी पोस्ट वाचत बसलेला असतो. तिथे तुमची कॉमेंट असेल तर त्याच विषयात डोकं घातलेल्या वाचकासमोर तुम्ही आयत्या जाता, आणि त्याला तुमच्याकडे वळवण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

कॉमेंटबरोबर तुमचा फोटो, नाव आणि नावाखालची ओळ जाते. ती हेडलाइन २२० अक्षरांपर्यंत लिहिता येते, पण कॉमेंटच्या शेजारी तिची फक्त सुरुवात दिसते आणि मोबाइलवर तर जेमतेम चार-पाच शब्द. तिथे ‘ध्येयवेडी, सतत शिकणारी’ असं काही असेल तर कॉमेंट कितीही चांगली असो, वाचणाऱ्याला तुम्ही काय करता हे कळत नाही आणि तो प्रोफाइल उघडत नाही. ‘गोदाम व स्टॉक नियंत्रण, सुटे भाग’ असं सुरुवातीलाच लिहा, म्हणजे काम काय आणि माल कुठला हे दोन्ही आलं. बाकी जे सांगायचं ते त्यानंतर. कॉमेंट सुरू करण्याआधी एवढं एक करून घ्या, कारण पुढची सगळी मेहनत या चार-पाच शब्दांतूनच तुमच्या प्रोफाइलपर्यंत पोचते.

आता दिखाव्याबद्दल. तुम्हाला अवघडल्यासारखं का होतं, याचा मी बराच विचार केला आहे. माणूस स्वतःच्या कामाबद्दल बोलला म्हणून ते खटकत नाही. जेवणाच्या सुट्टीत सहकारी आपल्या कामाची अडचण सांगतो तेव्हा कोणाला तो मिरवतोय असं वाटत नाही, कारण तो समोरच्याशी बोलत असतो. खटकतं ते तोंड एकाकडे आणि डोळे गर्दीकडे असतात तेव्हा. ‘सर, फार मोलाचा मुद्दा मांडलात’ हे सरांसाठी लिहिलेलं नसतं, सरांचे वाचक बघतील म्हणून लिहिलेलं असतं, आणि ते वाचणाऱ्याला लगेच कळतं.

मी लोकांना एकच कसोटी सांगतो. तुम्ही ज्या प्रसंगाबद्दल लिहिताय, त्या दिवशी तिथे हजर असलेला सहकारी हे वाचेल असं धरून चाला. वाचून तो ‘हो, असंच झालं होतं’ म्हणेल का? का त्याच्या कपाळाला आठी पडेल? ऑफिसातले लोक बघणार याची तुम्हाला जी धास्ती वाटते, तिचा खरं तर उपयोगच आहे. त्यांच्यासमोर निःसंकोच म्हणता येईल तेवढंच लिहायचं ठरवलं की निम्मा दिखावा आपोआप गळून जातो.

कुठे लिहायचं हेही महत्त्वाचं. फार मोठ्या नावांच्या पोस्टखाली शेकडो कॉमेंट असतात, तिथे तुमची कॉमेंट कोणीच वाचत नाही, स्वतः लेखकसुद्धा नाही. तुमच्या कामातले प्रत्यक्ष हात काळे केलेले पंधरा-वीस लोक शोधा, ज्यांच्या पोस्टवर दहा ते चाळीस कॉमेंट येतात. गोदाम प्रमुख, स्टॉक ऑडिट करणारे, गोदामाची सिस्टिम बसवून देणारे सल्लागार असे लोक. शोधायचं तर लिंक्डइनच्या शोधात तुमच्या रोजच्या कामातला शब्द टाका, जसं ‘सायकल काउंट’ किंवा ‘स्टॉक तफावत’. क्षेत्रातले लोक ज्या भाषेत लिहितात त्या भाषेतही तो टाकून बघा. निकालात फक्त पोस्ट निवडा आणि नव्यात नवी आधी अशी लावा. दोन-तीन वेळा बसलात की तीच तीच नावं पुन्हा दिसू लागतील. त्यांना फॉलो करा, प्रोफाइलवरची घंटा दाबून ठेवा, म्हणजे त्यांनी काही लिहिलं की तुम्हाला कळेल. कॉमेंट शक्यतो पहिल्या दिवशीच करा. चार दिवसांनी लेखक स्वतःच त्या विषयावरून पुढे गेलेला असतो.

आता एक उदाहरण जवळून बघू. समजा एका गोदाम प्रमुखाने लिहिलंय: वार्षिक मोजणीत दरवेळी तफावत यायची, म्हणून वर्षभर थोडी थोडी मोजणी सुरू केली, तरी तफावत काही कमी होत नाही. त्याखाली बहुतेक लोक दोन प्रकारे लिहितात. एक म्हणजे री ओढणारी कॉमेंट: ‘अगदी खरं. सायकल काउंट ही काळाची गरज आहे.’ यात मूळ पोस्टमध्ये नसलेलं काहीही नाही. ही नुसती हजेरी झाली. दुसरी टिमकीची: ‘माझ्या नऊ वर्षांच्या कारकिर्दीत मी सायकल काउंटच्या साहाय्याने अचूकता लक्षणीय वाढवली आहे.’ बिचारा अडचण सांगतोय आणि आपण बायोडेटा वाचून दाखवतोय.

तुम्ही असं लिहू शकता:

‘तफावत सगळीकडे थोडी थोडी येते की ठराविक वस्तूंमध्येच? आमच्याकडे मोजणारे बदलले तरी त्याच सात-आठ वस्तू पुन्हा पुन्हा यायच्या. त्या सगळ्या खोक्यात येणाऱ्या आणि सुट्या जाणाऱ्या निघाल्या. मोजणी बरोबरच होती, सिस्टिममध्ये एका खोक्यात किती नग हा आकडा जुना राहिला होता. गेल्या सहा महिन्यांची तफावत वस्तूनुसार लावून बघितलीत तर तुमच्याकडेही तसंच आहे का ते लगेच कळेल.’

ही कॉमेंट त्याच्या अडचणीबद्दलच्या प्रश्नाने सुरू होते. मधे तुम्ही स्वतः पाहिलेली एकच गोष्ट आहे आणि शेवटी त्याला उद्या सकाळी करून बघता येईल असं काहीतरी. नऊ वर्षांचा उल्लेख कुठेही नाही, तरी वाचणाऱ्याला कळतं की ही बाई गोदामात उभी राहिलेली आहे. मी अशी कॉमेंट वाचली तर नावावर बोट ठेवतोच. मग प्रोफाइलमध्ये हेडलाइन बघतो, सध्याचं काम बघतो आणि खाली ‘अ‍ॅक्टिव्हिटी’च्या भागात येतो, जिथे तुमच्या अलीकडच्या पोस्ट आणि कॉमेंट ठेवलेल्या असतात. तिथे अशाच चार-पाच कॉमेंट असतील तर प्रमाणपत्रांच्या यादीपेक्षा मला त्यातून जास्त कळतं. आणि तिथे सगळ्या ‘अभिनंदन’ आणि ‘खूप छान’ असतील तर तेही दिसतं, हे लक्षात असू द्या. अभिनंदन करायचंच असेल तर त्या माणसाला थेट मेसेज करा, त्याला जास्त आनंद होईल.

लांबीचं म्हणाल तर पन्नास-साठ शब्द पुरतात. कॉमेंटमध्ये १,२५० अक्षरं मावतात, पण तिथपर्यंत जाऊ लागलात तर समजा की ही पोस्ट आहे, कॉमेंट नाही.

यापुढचा टप्पा बहुतेक लोक सोडून देतात. तो गोदाम प्रमुख उत्तर देईल. कदाचित म्हणेल, ‘आमच्याकडे खोकी नाहीत, रोल आहेत आणि मीटरने कापून देतो.’ इथे पुन्हा जाऊन दोन ओळी लिहा: कापताना वाया जाणारा तुकडा कुठे नोंदवता, म्हणून विचारा. ओळख होते ती या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत. एका माणसाशी अशा दोन-तीन वेगवेगळ्या पोस्टखाली देवाणघेवाण झाली की मग कनेक्शनची विनंती पाठवा आणि त्यात तोच विषय एका ओळीत लिहा. पहिल्याच कॉमेंटनंतर विनंती पाठवली तर आधीचं बोलणं त्यासाठीच होतं असं वाटतं.

पोस्ट कधी लिहायची? ज्या कॉमेंटवर लोकांनी आपणहून प्रश्न विचारले, त्या कॉमेंटची पोस्ट होते. विषय शोधत बसावं लागत नाही आणि ऐकणारे आहेत हे आधीच माहीत असतं. आठ-दहा दिवसांतून एक पुरे.

काही काळापूर्वी तुमच्यासारखंच काम करणाऱ्या एकीने मला तिच्या पहिल्या पोस्टचा मसुदा दाखवला. वर दिलेलं खोक्याचं प्रकरण तिचंच आहे. मसुद्याची सुरुवात होती: ‘आव्हानं आली की मी मागे हटत नाही. गेल्या वर्षी आमच्या गोदामात मोठी तफावत येत होती...’ पुढे टीमवर्क, चिकाटी, आणि शेवटी ‘हार मानू नका, उत्तर नक्की सापडतं. तुम्हाला काय वाटतं?’ घटना खरी होती, पण ती काय होती हे पूर्ण मसुद्यात कुठेच नव्हतं. मी तिला म्हटलं, मला फक्त काय झालं ते सांग. तिने तोंडी सांगितलं आणि आम्ही तेच जवळपास तसंच उतरवलं:

‘एका सुट्या भागाची मोजणी दर महिन्याला कमी भरत होती. चोरीचा संशय आला, मोजणारे बदलले, कॅमेरा लावला. काहीच सापडलं नाही. मग रात्रपाळीतल्या सहकाऱ्याने एक बंद खोकं उघडून मोजलं. आत २० नग होते. सिस्टिम एका खोक्याचे २४ धरत होती. पुरवठादाराने पॅकिंग बदललं होतं आणि आमच्याकडचा आकडा कोणी बदलला नव्हता. म्हणजे ५० खोकी आली की २०० नग कागदावर जास्त, जे कधी आलेच नव्हते. आता नवीन लॉट आला की पहिलं एक खोकं उघडून मोजतो आणि आकडा जुळला तरच माल आत घेतो. रोज पाच मिनिटं जातात. जिथे पॅकिंग लहान आणि वस्तू शेकडो आहेत तिथे हे कसं जमवता, हे मला अजून नीट सुटलेलं नाही.’

या लिखाणात चार गोष्टी घडल्या आहेत. सुरुवात थेट अडचणीने होते, आणि ते आवश्यकच आहे, कारण फीडमध्ये पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात आणि बाकीचं वाचणाऱ्याने उघडावं लागतं. तिथे ‘आव्हानं आली की’ असतं तर कोणी उघडलं नसतं. शोध ज्याने लावला त्याचं श्रेय त्यालाच आहे. तिच्या मसुद्यात तो सहकारी नव्हता, ‘आम्ही’ होतं. कसोटी लावली आणि तो आपोआप आत आला. चोरीचा संशय ही चुकलेली वाट लपवलेली नाही. आणि शेवटचा प्रश्न खरा आहे, तिला खरंच उत्तर हवं होतं. ‘तुम्हाला काय वाटतं?’ या प्रश्नाला कोणी मनापासून उत्तर देत नाही, कारण विचारणाऱ्यालाही ते नको असतं हे सगळ्यांना माहीत असतं.

त्या पोस्टला लाइक फार आले नाहीत. पण लहान पॅकिंगच्या प्रश्नावर दोन अनोळखी गोदामवाल्यांनी लांबलचक उत्तरं दिली. त्यातल्या एकाने पुढे तिला थेट मेसेज केला, त्याच्या कंपनीत जागा निघाली तेव्हा.

कंपनीची माहिती बाहेर जाण्याचा धोका इथे असतो, म्हणून सांगतो. पुरवठादाराचं नाव नको, ग्राहकाचं नको, मालाची किंमत नको, एकूण तफावत किती टक्के तेही नको. वरच्या पोस्टमध्ये २४ आणि २० हे आकडे आहेत, पण त्यावरून कोणाचाही धंदा कळत नाही. शक्यतो सुटून गेलेली अडचण लिहा, आज चालू असलेली नको. चालू अडचणीवर लिहिलं की वरिष्ठांना ती तक्रार वाटते आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

वेळेचं गणित असं ठेवा: आठवड्यात तीन बैठका, प्रत्येकी वीस मिनिटं. दोन बैठकांत वाचायचं आणि एक किंवा दोन कॉमेंट लिहायच्या. तिसऱ्या बैठकीत आलेल्या उत्तरांना उत्तर द्यायचं आणि पोस्ट असेल तर ती लिहायची. एखाद्या आठवड्यात सांगण्यासारखं काही नसेल तर पोस्ट सोडून द्या. जबरदस्तीने लिहिलेली पोस्ट नेमकी ‘आज मी एक गोष्ट शिकले’ अशी सुरू होते. पोस्ट टाकायच्या आधी ती एकदा मोठ्याने वाचा. प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीवर, अधेमधे चित्रविचित्र चिन्हं, शेवटी दहा-बारा हॅशटॅग आणि न विचारता टॅग केलेले मोठे लोक, यातलं जे असेल ते काढून टाका. एकमेकांच्या पोस्ट लाइक करायच्या गटांत तर अजिबात जाऊ नका. असं ठरवून वाढवलेलं लक्ष लिंक्डइनच्या नियमांत बसत नाही. शिवाय त्या गटातल्या बारा जणांच्या त्याच त्या कॉमेंट प्रत्येक पोस्टखाली ओळीने दिसतात आणि आमच्यासारख्यांच्या ते लगेच लक्षात येतं.

चालतंय की नाही हे लाइकवरून ठरवू नका. तुमच्या प्रोफाइलवर कोण येऊन गेलं हे बघा. फुकटच्या खात्यात त्यातली शेवटची थोडीच नावं दिसतात, म्हणून आठवड्यातून एकदा तरी बघून कुठेतरी लिहून ठेवा. काही लोक नाव लपवून बघतात, ते सोडून द्या. तुम्ही स्वतः लपून बघायची सेटिंग लावली असेल तर फुकटच्या खात्यात तुम्हालाही आलेले लोक दिसणार नाहीत, ती आधी काढा. सहा-आठ आठवड्यांनी त्या यादीत तुमच्या क्षेत्रातले अनोळखी लोक दिसू लागले पाहिजेत: गोदाम प्रमुख, पुरवठा विभागाचे व्यवस्थापक, माझ्यासारखे माणसं शोधणारे. आठवड्याला तीन-चार असे असले तरी ते पुष्कळ आहे. पोस्ट बघणाऱ्यांचा आकडा चढतोय पण प्रोफाइलवर येणारे जुने वर्गमित्रच आहेत, असं दिसलं तर समजा की लिखाण हळूहळू सगळ्यांना आवडेल असं गुळगुळीत झालंय. मग पुन्हा खोक्यांकडे आणि नगांकडे या.

आणखी एक मर्यादा आहे. मी जेव्हा लिंक्डइनवर उमेदवार शोधतो तेव्हा पदाचं नाव, कौशल्य, ठिकाण असे शब्द टाकून शोधतो. तुमच्या प्रोफाइलमध्ये ते शब्दच नसतील तर शंभर चांगल्या कॉमेंट केल्या तरी तुम्ही त्या यादीत येणार नाही. तुमच्या पदाचं कंपनीतलं नाव काही वेगळंच असेल, तर बाहेर त्या कामाला जे म्हणतात ते नाव हेडलाइनमध्ये आणि कामाच्या वर्णनात असू द्या. कॉमेंटने माणूस दारापर्यंत येतो, आत काय मांडलंय ते या शब्दांनी कळतं. आणि अर्ज करणं चालूच ठेवा. या मार्गाला महिने लागतात.

ऑफिसबद्दल शेवटचं. नोकरी शोधतेय हे कळू द्यायचं नसेल तर प्रोफाइल बदलणं, हेडलाइन बदलणं आणि पोस्ट सुरू करणं हे एकाच आठवड्यात करू नका. हेडलाइन आज बदला, कॉमेंट पुढच्या आठवड्यापासून, पोस्ट दीड-दोन महिन्यांनी. नोकरी शोधत असल्याची खूण फक्त रिक्रूटरना दिसेल अशी ठेवता येते. तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरना ती दिसू नये यासाठी लिंक्डइन प्रयत्न करतं, पण पक्की हमी देत नाही, तेव्हा ती लावायची की नाही हे तुमच्या ऑफिसातलं वातावरण बघून ठरवा. कोणी विचारलंच, ‘हल्ली तिकडे बरंच लिहितेस’, तर सांगायला तुमच्याकडे खरं उत्तर असेल: मोजणीच्या एका अडचणीवर दुसऱ्या गोदामातल्या माणसाने काय उपाय सांगितला ते. तो मोबाइलवर उघडून दाखवा.